कोल्डरूमची वही आणि दर बुधवारी नासणारं दूध

प्रश्न : सांगली जिल्ह्यात एका लहान डेअरीत कोल्डरूमला कामाला आहे. रोज नऊ-दहा हजार लिटर पिशवीचं दूध निघतं. दर आठवड्याला एकदा तरी शंभर-दीडशे लिटर दूध 'तूट' म्हणून लिहावं लागतं. सुपरवायझर म्हणतात लोडरची पोरं हात मारतात. स्टॉकची वही माझ्याकडेच असते. त्या वहीवरून खरं कारण सापडेल का?

उत्तर :

सापडेल. पण 'तूट' या एका रकान्यात तीन वेगवेगळी नुकसानं कोंबलेली असतात, ती आधी सुटी करावी लागतील. एक, क्रेट मोजले आणि वहीपेक्षा कमी भरले. दोन, पिशव्या फुटल्या. तीन, पिशव्या शाबूत आहेत, पण दूध आंबलं किंवा तारीख उलटली म्हणून ओतावं लागलं. पहिल्यात माल जागेवर नसतो. तिसऱ्यात तो जागेवर असतो, फक्त विकण्यालायक राहत नाही. तुमचं शंभर-दीडशे लिटर कॅनमध्ये ओतताना तुम्ही डोळ्यांनी बघत असाल, तर ते कुणी चोरलेलं नाही. लोडरवरचा संशय बऱ्याचदा इथेच मिटतो. मात्र कागदावर तिन्ही नुकसानांना एकच शब्द असल्यामुळे ऑफिसात बसलेल्या माणसाला तो फरक दिसत नाही.

पुढे एक नमुन्याचं प्रकरण घेतो. आकडे हिशेबाला सोपे ठेवले आहेत. तासगाव-विटा पट्ट्यातली, तुमच्याएवढीच डेअरी समजा. गाईचं आणि म्हशीचं, दोन्ही दूध अर्ध्या लिटरच्या पिशवीत. क्रेटमध्ये २४ पिशव्या, म्हणजे १२ लिटर. पिशव्या रात्री भरायच्या, पहाटे तीनपासून गाड्या लागायच्या, शेवटची गाडी सुटली की दिवस बंद. वहीत सहा रकाने : आरंभीची शिल्लक, आवक, जावक, रिटर्न, तूट, अखेरची शिल्लक. रात्रपाळीचा कोल्डरूम कामगार हीच वही भरत होता आणि प्रत्येक तुटीनंतर बोलणीही त्यालाच खावी लागत होती.

त्यानं पहिलं काम केलं ते मागच्या २८ दिवसांची पानं समोर घेऊन बसण्याचं. अठ्ठावीसच का, तर पुरे चार आठवडे मिळतात आणि प्रत्येक वार चार-चार वेळा येतो. महिना धरला असता तर एखादा वार पाच वेळा आला असता आणि तुलना बिघडली असती. या २८ दिवसांत तूट होती ९८ क्रेट, म्हणजे १,१७६ लिटर. वहीत नुसता आकडा होता. पण प्रत्येक तुटीमागे कुठलं तरी चिटोरं असतंच : फुटक्या पिशव्यांची चिठ्ठी, रीप्रोसेसला कॅन गेल्याची पावती, नाहीतर सुपरवायझरची सही असलेला मोजणीचा कागद. हे कागद खिळ्याला अडकवलेले होते. त्यावरून ९८ क्रेटची फोड अशी निघाली : फुटलेले २१, मोजणीत कमी भरलेले १५, आणि नासलेले किंवा तारीख उलटलेले ६२.

तुमच्याकडे अशा चिठ्ठ्या नसतील तर मागचं उकरत बसू नका. आजपासून चार आठवडे तुटीच्या आकड्यापुढे फक्त 'फु', 'मो' किंवा 'ना' एवढं एक अक्षर लिहा. नव्या वहीची गरज नाही.

६२ हा आकडा दिसल्यावर त्यानं बाकीचं बाजूला ठेवलं, हे बरोबरच केलं. मग त्या ६२ मध्ये गाईचं किती, म्हशीचं किती ते पाहिलं. गाईचे १० क्रेट, तेही महिनाभर विखुरलेले. म्हशीचे ५२. गाईच्या दुधाचा खप जवळपास चौपट असताना नासतंय मात्र म्हशीचं. वार लावून बघितल्यावर तर चित्र आणखी स्पष्ट झालं : १२, १४, १३ आणि १३ क्रेट, चारही वेळा बुधवारी पहाटे. चोरी किंवा मशीनचा बिघाड इतका वार पाळून येत नाही. जे वार पाळून येतं ते बहुधा भरण्याच्या किंवा उचलण्याच्या पद्धतीतून आलेलं असतं.

यातल्या एका आठवड्याचे पाच दिवस, फक्त म्हशीच्या दुधाचे, क्रेटमध्ये, रिटर्न शून्य असल्यानं तो रकाना सोडून :

| वार | आरंभीची शिल्लक | आवक | जावक | तूट | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|---|---|
| शनिवार | १८ | १५० | १४६ | ० | २२ |
| रविवार | २२ | १९० | १५८ | ० | ५४ |
| सोमवार | ५४ | ११० | १३६ | ० | २८ |
| मंगळवार | २८ | १५० | १३२ | ० | ४६ |
| बुधवार | ४६ | १५० | १५१ | १३ | ३२ |

रविवारची आवक म्हणजे शनिवारी रात्री भरलेला माल. रविवारी खप वाढतो म्हणून ४० क्रेट जादा भरले, तेवढं उचललं गेलं नाही, ५४ शिल्लक राहिले. म्हणून सोमवारसाठी भरणा कमी करून ११० वर आणला. इथवर सगळं रीतसर आहे. बेरीज-वजाबाकीही रोज जुळते, म्हणून वही तपासणाऱ्याला काही खटकत नाही.

खरी गोष्ट दोन रकाने शेजारी ठेवले की दिसते. अखेरची शिल्लक आणि त्याच दिवशीची आवक, यांची तुलना करा. शनिवारी शिल्लक २२, आवक १५०. रविवारी ५४ आणि १९०. सोमवारी २८ आणि ११०. मंगळवारी ४६ आणि १५०. एकाही दिवशी शिल्लक त्या दिवशीच्या आवकेपेक्षा जास्त नाही. जुना माल आधी बाहेर जात असेल, तर अशा वेळी शिल्लक राहिलेला प्रत्येक क्रेट काल रात्रीचाच असायला हवा. मंगळवारच्या ४६ क्रेटमध्ये सोमवारी रात्रीच्या भरण्याखेरीज एकही पिशवी असायला जागा नाही. मग बुधवारी पहाटे कोपऱ्यात सापडलेल्या १३ क्रेटवर शनिवारची बॅच कशी? शनिवारी रात्री भरलेलं, दोन दिवसांची मुदत असलेलं दूध मधल्या सोमवारी आणि मंगळवारी दोन्ही पहाटे आतच राहिलं आणि त्याच दोन पहाटे त्याच्यानंतर भरलेलं दूध बाहेर गेलं, याशिवाय दुसरा अर्थ निघत नाही.

ही तुलना ध्यानात ठेवा, बाकी सगळं हिच्यावर उभं आहे. शिल्लक आवकेपेक्षा कमी आणि तरीही तारीख उलटलेला माल निघतो, तर दोष उचलण्याच्या क्रमात आहे. शिल्लक आवकेपेक्षा जास्त होते, तर क्रम पाळूनही माल जुना होणार. तिथे दोष ऑर्डर घेणाऱ्याचा आणि भरणा ठरवणाऱ्याचा, कोल्डरूमनं कितीही धडपड केली तरी उपयोग नाही. गणेशोत्सवात, लग्नसराईत दुसरा प्रकार हमखास होतो. बाकी वर्षभर जे नासतं ते बहुतेक पहिल्या प्रकारचं.

आता क्रम मोडत का होता? खोलीला दार एकच. दारातून आत गेलं की उजवीकडे गाईच्या दुधाच्या थप्प्या, डावीकडे खोलवर म्हशीच्या. म्हशीचा माल कमी, म्हणून त्याला आतला कोपरा. रात्री पॅकिंगवरून ट्रॉली आली की लोडर ती रिकाम्या जागेत उतरवतो आणि रिकामी जागा नेहमी दाराकडची असते, कारण पहाटे तिथलेच क्रेट उचललेले असतात. उरलेले क्रेट भिंतीला. त्यांच्यापुढे नवी थप्पी, तिच्यापुढे आणखी नवी. पहाटे साडेतीनला गाडीवाला हॉर्न वाजवत असताना पुढच्या दोन ओळी हलवून मागचे क्रेट काढायला कुणी थांबत नाही, आणि खरं सांगायचं तर थांबायची अपेक्षा धरणंही चूक. मागची भिंत उघडी पडायची ती फक्त बुधवारी, कारण सोम-मंगळचा खप कमी आणि बुधवारी जावक दीडशेच्या पुढे जायची. पुढच्या ओळी संपल्या की मागच्या क्रेटचं तोंड दिसायचं. बुधवारचं गूढ एवढंच होतं. गाईचं दूध नासत नव्हतं, कारण ते दाराजवळ होतं आणि त्याचा खप एवढा की थप्पी रोज भिंतीपर्यंत संपायची.

अंदाज बरोबर असला तरी सुपरवायझरला तो दाखवता आला पाहिजे. त्या कामगारानं एका शनिवारी रात्री म्हशीच्या दहा क्रेटच्या कडीला लाल सुतळी बांधली आणि ते क्रेट नेहमीप्रमाणे जिथे उतरत होते तिथेच उतरू दिले. कुणाला सांगितलं नाही. रविवारी पहाटे त्यातले तीन गेले. सोमवारी एकही नाही. मंगळवारी एकही नाही. बुधवारी उरलेले सातही भिंतीला जसेच्या तसे होते. अशी चाचणी करायची तर क्रेटला बांधा, पिशवीवर खूण करू नका. पिशवीवरची बॅच आणि तारीख आहेच, पण बारा फूट आत, बर्फाळ वाफेत, वरून सहावा क्रेट असला की ती वाचता येत नाही. लाल सुतळी दारातून दिसते. आणि मागे उरलेल्या पिशव्या विक्रीला जाऊ द्यायच्या नाहीत, मुदतीच्या दिवशी तुम्हीच बाजूला काढायच्या.

उपाय तीन होते आणि तिन्हींनाही पैसा जवळजवळ लागला नाही.

पहिला जमिनीवर. म्हशीच्या कोपऱ्यात दारापासून भिंतीपर्यंत जाणारे तीन लांब पट्टे रंगानं आखले : १, २, ३. आधी थप्प्या दाराला आडव्या लागत, म्हणजे एक ओळ दुसरीला झाकायची. आता पट्टे उभे, त्यामुळे प्रत्येक पट्ट्याचं एक टोक दाराकडे उघडं. एका रात्रीचा भरणा एकाच पट्ट्यात, दुसऱ्या रात्रीचा दुसऱ्यात. पहाटे जुन्या तारखेचा पट्टा आधी रिकामा करायचा, तो संपल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. जुना पट्टा रात्रीच्या आवकेआधी रिकामा झालाच पाहिजे अशी सक्ती इथे लागत नाही, म्हणूनच तीन पट्टे. एक भरायचा, एक उचलायचा, एक मोकळा. दोन पट्ट्यांवर भागवायला गेलात तर रविवारसारख्या ५४ शिल्लकीला नवा माल जुन्याच्याच पुढे लागतो आणि आपण पुन्हा होतो तिथेच येतो.

जागा फारच अपुरी असेल तर पट्टे सोडा. रात्रीची पहिली ट्रॉली आत घेण्याआधी शिल्लक क्रेट दाराकडे ओढून घ्यायचे, एवढाच नियम करा. पन्नास क्रेट हलवायला दोन माणसांना पंधरा-वीस मिनिटं लागतात. हे काम रात्री आठला, घाई नसताना करायचं. पहाटेवर टाकलंत तर ते होणार नाही.

दुसरा उपाय वहीत. आवकेपुढे बॅच आणि पट्टा, जावकेपुढे पट्टा, एवढे रकाने वाढवले. महत्त्वाचा बदल अखेरच्या शिल्लकीत केला. 'शिल्लक ४६' असं लिहायचं बंद. त्याऐवजी 'सोम ४६' किंवा 'शनि १३, सोम ३३'. हे लिहायचं तर पट्ट्याजवळ जाऊन बघावंच लागतं, वजाबाकी करून टेबलावरून लिहिता येत नाही. जुन्या पद्धतीत मंगळवारी ४६ हा आकडा पूर्ण खरा होता आणि त्याच वेळी पूर्ण निरुपयोगी होता. 'शनि १३' असं मंगळवारी पहाटे लिहिलं गेलं असतं, तरी माल वाचायला उशीर झालेला असता, पण सोमवारी 'शनि २०' लिहिलं गेलं असतं तर तो सोमवारी सकाळच्याच गावातल्या फेरीत गेला असता.

तिसरा लोडिंगच्या चिठ्ठीत. गाडीला 'म्हैस २० क्रेट' अशी चिठ्ठी निघायची, तिथे 'म्हैस २०, पट्टा २' लिहायला सुरुवात केली. चिठ्ठी काढणारा माणूस वेगळा असल्यामुळे लोडरला कुठलेही वीस उचलता येत नाहीत, आणि उचलले तर गेटवर कळतं.

पहिल्या बुधवारी तरीही ४ क्रेट निघाले. पुढच्या तीन बुधवारी ०, १ आणि ०. पहिल्या चारांचं कारण शिकण्यासारखं आहे : ते अर्धवट क्रेट होते. कुणा एजंटला पाच पिशव्या जादा लागल्या, कुणाला फुटकीच्या बदली दिल्या, की उरलेला क्रेट १७ किंवा १९ पिशव्यांचा राहतो. असा क्रेट कुठल्याच पट्ट्यात बसत नाही, थप्पीवर ठेवला तर वहीत पूर्ण म्हणून मोजला जातो, म्हणून लोडर तो कोपऱ्यात सरकवतात. अर्धवट क्रेटसाठी दाराच्या आतच एक ठरलेली जागा करा आणि पहाटेच्या पहिल्या गाडीत तो भरून संपवा. वहीत अर्धवट क्रेट पिशव्यांत लिहा, क्रेटमध्ये नको.

पद्धत ढिली पडते ती दोन ठिकाणी. एक, गाईचा माल जास्त आला की तो म्हशीच्या मोकळ्या पट्ट्यात 'तेवढ्यापुरता' ठेवला जातो. तिथून तीन पट्ट्यांचे दोन होतात आणि आठवड्यात जुनी सवय परत येते. दोन, पट्टा क्रमांक न बघता चिठ्ठीवर सवयीनं तोच आकडा लिहिला जातो. हे ओळखायला सोपं आहे : सलग तीन-चार दिवस चिठ्ठ्यांवर एकच पट्टा दिसला तर तो लिहिणारा दाराच्या आत गेलेला नाही.

आता 'ना' या अक्षराची दुसरी बाजू. ओतलेल्या दुधाची बॅच जुनी असेल तर वरचं सगळं लागू. पण बॅच कालचीच आणि तरी दूध उकळताना फुटतंय, तर पट्टे आखून काही होणार नाही. तिथे प्रश्न थंडाव्याचा किंवा प्लांटच्या स्वच्छतेचा आहे. म्हणून ओतताना पिशवीवरची बॅच लिहिणं चुकवू नका. या एका नोंदीवर पुढची सगळी दिशा ठरते. गाईचे ते विखुरलेले १० क्रेट याच प्रकारातले निघाले. सगळ्यांची बॅच ताजी होती आणि सगळे रात्रीच्या भरण्याच्या सुरुवातीचे होते.

लक्षात घ्या, कोल्डरूम थंड दूध थंड राखायला असते, कोमट दूध थंड करायला नाही. पाश्चरायझर ७२ अंशाला १५ सेकंद दूध धरतो आणि ४ अंशाच्या आसपास थंड करून टाकीत सोडतो. टाकीपासून मशीनपर्यंतची पाइपलाइन गरम असली, किंवा भरलेले क्रेट चैत्र-वैशाखात बाहेर तासभर उभे राहिले, तर पिशवी नऊ-दहा अंशांवर आत येते. थप्पीच्या मधोमध अडकलेल्या क्रेटभोवती गार हवा फिरत नाही आणि तो तासन्‌तास तसाच राहतो. भिंतीवरचा काटा ४ दाखवतो, तो हवेचं तापमान. दूध बघायचं तर मधल्या क्रेटमधल्या दोन पिशव्यांच्या मध्ये थर्मामीटरची काडी दाबून दोन-तीन मिनिटं धरा, पिशवी फोडायची गरज नाही. हे एकदा क्रेट आत येताना आणि एकदा चार तासांनी करा. आत येतानाच जास्त असेल तर दोष दाराबाहेरचा. येताना बरोबर आणि चार तासांनी चढलेलं असेल तर दोष खोलीचा : दार उघडं, फाटलेला पट्ट्यांचा पडदा, कूलरच्या जाळीवर चढलेला बर्फ, किंवा पंख्याच्या तोंडाशीच लावलेली थप्पी. भिंतीपासून वीतभर आणि छताखाली दीड फूट मोकळं सोडलं की हवेचा प्रश्न बराचसा सुटतो.

फुटलेल्या २१ क्रेटबद्दल थोडक्यात. फुटक्या पिशव्यांचं दूध मापानं लिहू नका, फाटक्या पिशव्या मोजून लिहा. निम्मं दूध गटारात गेलेलं असतं आणि कॅनमध्ये जमलेलं ३ लिटर म्हणून ३ लिटरच लिहिलं, तर उरलेलं 'मोजणीत कमी' म्हणून लोडरच्या नावावर चढतं. मोजताना फाट कुठे आहे ते बघा. आडव्या किंवा उभ्या सीलवर असेल तर मशीनच्या जबड्याचं तापमान किंवा झिजलेली टेफ्लॉन पट्टी, मेंटेनन्सला सांगा. सील शाबूत आणि पिशवीच्या अंगाला चीर असेल तर क्रेटची तुटलेली कड किंवा आपटाआपटी. तो क्रेटच बाहेर काढा, नाहीतर तो रोज दोन पिशव्या फाडत राहील.

राहिले मोजणीत कमी भरलेले १५ क्रेट, म्हणजे ३६० पिशव्या. लोडरवरचा संशय तपासायची जागा ही. २८ दिवसांची मोजणीतली तफावत दिवसागणिक लिहून काढा, फक्त कमी नव्हे, जास्तही. वहीपेक्षा जास्त भरलं तर लोक ते लिहीतच नाहीत, गुपचूप मेळ घालतात. असं करू नका. आज १० कमी आणि उद्या १० जास्त, असं असेल तर एक गाडी चुकीच्या तारखेला लिहिली गेली आहे किंवा लोडिंग चालू असताना मोजणी झाली आहे. माल गेलेला नाही. मोजणी शेवटची गाडी गेटबाहेर गेल्यावर आणि दार बंद करूनच करायची. तफावत नेहमी कमीच असेल, जास्त कधीच नसेल, तर माल खरोखर बाहेर जातो आहे. या प्रकरणात ती नेहमी कमीच होती, पण दिवसाला बारा-तेरा पिशव्या, रोज जवळपास तेवढ्याच. पहाटेच्या आठ गाड्या, प्रत्येक ड्रायव्हर वाटेत फुटणाऱ्या पिशव्यांच्या बदली एक-दोन जादा मागून घ्यायचा, शिवाय लॅबला नमुने जायचे. कशाचीच पावती नव्हती. 'बदली' आणि 'नमुना' असे दोन रकाने वाढवल्यावर रोजची तफावत एक-दोन पिशव्यांवर आली. चोरी असती तर ती एवढी नियमित दिसली नसती. ती ठरावीक पाळीला किंवा ठरावीक माणसाच्या ड्यूटीला वाढते, म्हणून मोजणीच्या कागदावर पाळी लिहिलेली असावी.

वहीची एक मर्यादाही माहीत हवी. कोल्डरूमची वही दारातून आत आलेल्या क्रेटपासून सुरू होते, त्याआधीचं तिला दिसत नाही. ५०० मिलीच्या पिशवीत मशीन ५ मिली जादा भरत असेल, तर दहा हजार लिटरमागे, म्हणजे २०,००० पिशव्यांमागे, १०० लिटर रोज जातं आणि तुमचे क्रेट मात्र बरोबर जुळतात. ती तूट प्लांटच्या हिशेबात निघते. कधीकधी तीच फिरवून कोल्डरूमच्या माथी मारली जाते. तुमच्यावर तशी आली तर काट्यावर दहा पिशव्या ठेवून बघा. दुधाचा लिटर सुमारे १.०३ किलोचा, म्हणजे अर्ध्या लिटरच्या दहा पिशव्यांत ५,१५० ग्रॅम दूध, वर फिल्मचे वीस-पंचवीस ग्रॅम. काटा ५,२२० च्या पुढे जात असेल तर दूध तुमच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच जास्तीचं दिलं जातंय. दूध किलोत घेऊन लिटरमध्ये विकताना हा १.०३ चा गुणक कुणी तरी विसरलेला असतो, तेही एकदा विचारून घ्या.

सुपरवायझरकडे जाताना सगळी वही नेऊ नका. वरच्यासारखा तुमच्याकडच्या एका आठवड्याचा पाच ओळींचा तक्ता न्या, शिल्लक आणि आवक या दोन रकान्यांखाली रेघ मारा आणि ओतलेल्या पिशव्यांपैकी एक रिकामी, बॅच दिसेल अशी, त्याला टाचून द्या.